युडायमोनिया आणि मोक्ष : दीडशे शब्दांत तुलना कशी बसवायची?

उंबरठा
एम.ए. तत्त्वज्ञान, पहिलं वर्ष, मराठी माध्यम. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. 'परमश्रेय : ग्रीक आणि भारतीय विचार' यावर पाच गुणांची टीप येते, साधारण दीडशे शब्दांची. सरावाच्या उत्तराला दोन गुण मिळाले आणि समासात शेरा आला, "दोन उत्तरं शेजारी ठेवली आहेत, तुलना कुठे आहे?" खरंच तसं झालं होतं. अर्धं पान अ‍ॅरिस्टॉटल, अर्धं पान मोक्ष. हे कसं सुधारू?

बाराखडी
ग्रीक इहवादी, आपण परलोकवादी. त्यांना याच जन्मात सुख हवं, आपल्याला जन्ममरणातून सुटका. हे वाक्य सुरुवातीला टाका आणि खाली दोन रकाने पाडा. मी असंच लिहून पास झालो.

पिंपळपान
बाराखडी, अ‍ॅरिस्टॉटलपुरतं तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. पण 'ग्रीक' म्हटलं की प्लेटोही आला. 'फीडो'मध्ये विष घ्यायच्या दिवशी सॉक्रेटिस सांगतो की शरीर हे आत्म्याचं बंधन आहे, तत्त्वज्ञान ही मरणाची तयारी आहे आणि शुद्ध न झालेले आत्मे पुन्हा देहात अडकतात. इकडे चार्वाक मोक्ष मानतच नाही. मी बरीच वर्षं पेपर तपासले आहेत. 'इहवादी-परलोकवादी' दिसलं की पुढचं उत्तरही घोकलेलं असणार, असं वाटू लागतं.

उंबरठा, दोन्हीकडून एकेकच घ्या. अ‍ॅरिस्टॉटल आणि सांख्य चांगले जुळतात. मग दोघांना एकच प्रश्न विचारा : एकदा मिळालेलं परमश्रेय हातचं जाऊ शकतं का?

अ‍ॅरिस्टॉटलसाठी प्रियाम घ्या. ट्रॉयचा हा राजा आयुष्यभर वैभवात राहिला आणि म्हातारपणी मुलं, राज्य सगळं गमावून बसला. 'निकोमेकियन एथिक्स'च्या पहिल्याच भागात तो येतो. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सद्गुणी माणूस अशा संकटातही दीनवाणा होणार नाही, कारण तो हीन कृत्य करणार नाही. पण त्याला धन्यही म्हणता येणार नाही. युडायमोनिया म्हणजे सद्गुणाला धरून जगत राहणं, आणि तसं जगायला मित्र लागतात, थोडीफार साधनं लागतात, पुरेसं आयुष्य लागतं. ती हिरावली गेली की श्रेयाला धक्का बसतो.

सांख्यांसाठी कुंभाराचं चाक. मडकं उतरवलं तरी आधीच्या वेगाने चाक फिरत राहतं, तसं विवेकज्ञान, म्हणजे पुरुष हे शुद्ध चैतन्य शरीर-मनाच्या प्रकृतीहून वेगळं आहे ही ओळख, झाल्यावरही संस्कारांच्या जोरावर शरीर चालू राहतं. त्या काळात संकट आलंच तर ते प्रकृतीत घडतं. पुरुष मुळात कधी बांधलेलाच नव्हता, तर त्याचं काय जाणार? एकाचं श्रेय करण्यात आहे, दुसऱ्याचं ओळखण्यात. तुमची तुलना इथे आहे.

तुळशीकट्टा
माझी आई वारकरी आहे. तुकोबा तर मुक्ती नको, खुशाल पुन्हा गर्भवासात घाल म्हणतात. मी माझ्या उत्तरात हेच लिहिलं होतं, अर्धाच गुण मिळाला. फार वाईट वाटलं.

पिंपळपान
ताई, मुद्दा भक्कम आहे, फक्त प्रश्न वेगळा होता. 'मोक्ष हाच परमपुरुषार्थ आहे का?' असं विचारलं तर तुकोबांना पहिल्या ओळीत आणा.

उंबरठा
सुरुवात अशी केली आहे : "प्रियामवर कोसळलेलं संकट विवेकज्ञान झालेल्या पुरुषावर कोसळलं, तर त्याचं श्रेय ढळेल का? अ‍ॅरिस्टॉटलच्या मते ढळू शकतं. सांख्यांच्या मते नाही, कारण कैवल्यात पुरुष अखंड आनंदात असतो."

पिंपळपान
शेवटचे चार शब्द सोडून सगळं छान आहे. सांख्यांच्या कैवल्यात दुःखाचा कायमचा अंत आहे, आनंद नाही. आनंद अद्वैताचा. मोक्ष शब्द आला की हात आपोआप 'आनंद' लिहून जातो, आणि गुण तिथेच जातो. "कारण दुःख पुरुषाला मुळात स्पर्शच करत नाही" असं करा. 'संकट पुरुषावर कोसळलं' हेही बदला, तिथे 'ज्ञानी माणसावर' हवं.

रात्रपाळी
एक शंका. 'एथिक्स'च्या दहाव्या भागात चिंतनाला सर्वोच्च म्हटलं आहे, देवांच्या जीवनाशी जवळचं आणि सर्वांत स्वयंपूर्ण. मग अ‍ॅरिस्टॉटल कैवल्याच्या जवळ येत नाही का?

पिंपळपान
येतो. पहिला आणि दहावा भाग एकमेकांशी कसे जुळवायचे यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मात्र चिंतन ही तरी क्रियाच, आणि चिंतन करणाऱ्यालाही अन्न आणि आरोग्य लागतं, असं तो तिथेच सांगतो. मी हे शेवटच्या एका वाक्यात घालायला सांगते. माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते पाच गुणांत हा वाद उघडूच नये.

उंबरठा
मी घालून पाहिलं, 172 शब्द झाले. प्रियामच्या राज्याचं वर्णन कापू की चिंतनाचं वाक्य?

रात्रपाळी
राज्याचं. मुलं गेली एवढं पुरे.