‘ट्रज’ला मराठीत काय म्हणाल? (आणि स्ट्रोल, स्ट्राइड, अँबललाही)

निशिगंध:
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय आणि एका पानावर पार अडकलेय म्हणून इथे विचारते. इंग्लंडातलं छोटं गाव, रिटायर्ड मास्तर. सकाळी तो नदीकडे ‘स्ट्रोल’ करत जातो, मग गावातली लायब्ररी बंद करू नका असा अर्ज घेऊन कौन्सिलच्या ऑफिसात ‘स्ट्राइड’ करत शिरतो, तिथे काही होत नाही, मग ‘ट्रज’ करत घरी येतो आणि संध्याकाळी कुत्र्याला घेऊन ‘अँबल’ करतो. लेखिकेने त्याच्या मनातलं एक अक्षर लिहिलेलं नाही, खूश झाला नाही की खचला नाही, जे काय आहे ते या चार क्रियापदांत. माझ्या पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी ‘चालत गेला’, ‘चालत आला’ असं झालंय आणि कथा मेलीये. काय करू?

रोहित_के:
मराठीत यासाठी वेगळी क्रियापदंच नाहीयेत, आपल्याकडे फक्त ‘चालणे’. त्यामुळे वेग बघायचा आणि क्रियाविशेषण लावायचं. स्ट्राइड म्हणजे भरभर, बाकी तिन्ही हळूहळू. सिंपल आहे.

मिनू_नाशिक:
क्रियापदं नाहीत असं कसं म्हणता? हिंडणे, भटकणे, रेंगाळणे, खुरडणे, ठुमकणे, घुटमळणे, ही काय आहेत मग? आणि प्रत्येकात मूड आहे. आई ‘कुठे हिंडत होतीस’ म्हणाली की कळतं ना घरी काय वाढून ठेवलंय ते.

वसुधा_जो:
रोहित आणि मिनू, तुमचं दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मराठीत अशी क्रियापदं आहेत पण त्यांना मुक्काम जोडता येत नाही. इंग्रजीत ‘ही ट्रज्ड होम’ म्हटलं की एकाच क्रियापदात पायांची तऱ्हाही आली आणि तो घरी पोचला हेही आलं. आपण ‘तो घरी खुरडला’, ‘ती बाजारात रेंगाळली’ म्हणून बघा. पहिलं वाक्यच होत नाही, दुसरं होतं पण अर्थ बदलतो, ती बाजारातच वेळ काढत बसली असं होतं. साधं ‘चालणे’ घ्या. ‘तो घरी चालला’ म्हणजे तो चालत घरी पोचला असं कुणीच समजणार नाही, तो आत्ता घरी निघालाय असाच अर्थ होतो, भले रिक्षाने का जात असेना! ‘तो दोन किलोमीटर चालला’ चालतं, कारण तिथे अंतर आहे, मुक्काम नाही.

म्हणून मराठीत मुख्य क्रियापद येणं, जाणं, शिरणं, चढणं, निघणं यातलं घ्यायचं आणि पायांची तऱ्हा त्याच्या आधी ठेवायची. पाय ओढत आला, रमतगमत गेला, तरातरा निघून गेली. मूड त्या आधीच्या शब्दात बसतो. निशिगंध, तुझी चूक ‘गेला’, ‘आला’ मध्ये नाहीये, ‘चालत’ मध्ये आहे. ‘चालत’ने फक्त एवढंच कळतं की त्याने गाडी काढली नाही. तो शब्द चारही ठिकाणहून उडव आणि त्याची जागा रिकामी ठेवून मग शोधायला लाग.

आणि रोहित, वेगावर जाऊ नका. स्ट्रोल, अँबल, ट्रज तिन्ही हळू आहेत पण ट्रज करणारा माणूस मनाने पार वेगळ्या गावात असतो.

निशिगंध:
ताई, ‘चालत’ उडवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं! मग ट्रजसाठी माझ्याकडे तीन आहेत, फरफटत, रखडत, पाय ओढत. कुठलं घेऊ?

वसुधा_जो:
फरफटत म्हणजे दुसरं कुणीतरी ओढतंय. पोराचा हात धरून आई त्याला शाळेत नेते तसं. तुझ्या मास्तरांना कुणी ओढत नाहीये. रखडत म्हणजे उशीर, वाटेत थांबत, लांबवत. ट्रज करणारा थांबत नाही, तेच तर त्यातलं दुःख आहे, पाय जड झालेत, जायची इच्छा उरलेली नाही पण जाणं भाग आहे म्हणून एकामागून एक पाऊल पडतंय. ‘पाय ओढत’ सगळ्यात जवळचं. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगते, क्रियापदाला उलटा मूड चिकटवून बघा. ‘आनंदाने ट्रज’ कानाला खटकतं, ‘नाइलाजाने स्ट्रोल’ खटकतं, ‘उगीचच, कुठेही न जाता स्ट्राइड’ तर फारच खटकतं. जिथे खटकतं तिथे त्या शब्दाचा मूड लपलेला असतो. मराठीत पण तसंच करा, ‘आनंदाने पाय ओढत आला’ म्हणून बघा.

पराग७७:
माझा प्रश्न असा की जेवणानंतर स्ट्रोल चांगला की ब्रिस्क वॉक? मला शुगर आहे, मी शतपावली करतो पण मुलगा म्हणतो त्याने काही होत नाही, जोरात चाला.

मिनू_नाशिक:
पराग दादा, इथे शब्दांची चर्चा चाललीये, शुगरचं डॉक्टरांनाच विचारा. पण तुम्ही शतपावली म्हणालात ते बरं झालं, मी निशिगंधला स्ट्रोलसाठी तेच सुचवणार होते. आता वाटतंय नको. शतपावली म्हणजे जेवण झालं, घरातल्या घरात किंवा अंगणात इकडून तिकडे, तब्येतीसाठी, कर्तव्य म्हणून. स्ट्रोलमध्ये कर्तव्य नसतं.

भीमथडी:
मला ट्रजबद्दल वेगळं म्हणायचंय. मी सात वर्षं वारीला जातोय, आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किमी. पुण्याहून सासवडचा टप्पा लांब आणि त्यात दिवेघाट. घाट चढताना पाय अक्षरशः ओढावे लागतात, माझ्या पहिल्या वर्षी तळपायाला फोड आले होते आणि चप्पल हातात घेऊन चढलो होतो. तुमच्या कसोटीत ‘आनंदाने पाय ओढत’ बसत नाही म्हणता पण तिथे हजारो लोक तेच करतायत की. मागून टाळ चालू, पुढे आजी डोक्यावर तुळस घेऊन, आणि पाय संपलेले. मग तो ट्रज की नाही?

वसुधा_जो:
फार चांगला प्रश्न काढलात. मी म्हणेन ट्रज नाही. शरीर ट्रजचं आहे पण मन नाही, आणि इंग्रजी लेखकाने वारकऱ्यांना ट्रज लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल यांना कुणीतरी जबरदस्तीने चढवतंय. तिथे ‘प्लॉड’ जवळचा वाटतो. प्लॉडमध्ये पण जडपणा आहे, पण त्यात चिकाटी जास्त, कुरकूर कमी.

भीमथडी:
प्लॉड पण नाही पटत ताई. तो शब्द बैलासारखा वाटतो, मान खाली घालून. घाटात मान खाली नसते. माझ्या मते इंग्रजीत यासाठी शब्दच नाहीये.

वसुधा_जो:
असेल तसं. माझ्याकडे उत्तर नाही याला.

रोहित_के:
ओके, वेगाबद्दल माझं चुकलं, मान्य. पण स्ट्राइडला ‘तरातरा’ परफेक्ट आहे ना? ‘तो तरातरा ऑफिसात शिरला.’

मिनू_नाशिक:
तरातरामध्ये राग आहे हो. सासू-सून भांडल्या आणि सून तरातरा माहेरी निघून गेली. मास्तर अजून भांडलेले नाहीयेत, त्यांना वाटतंय आपलं ऐकतील.

वसुधा_जो:
मिनूशी सहमत. स्ट्राइडमध्ये राग असू शकतो पण असायलाच हवा असं नाही. त्यात मुख्य आहे ते लांब पाऊल आणि ‘मला कुठे जायचंय ते मला माहीत आहे’ हा भाव. वेग त्याच्या मागून येतो. ‘झपाझप’ घेतलंस तर वेग येतो पण ऐट जाते, लोकल पकडणारा पण झपाझपच जातो. ‘ढांगा टाकत’ मध्ये लांबी येते, पण नुसतं तेवढं म्हटलं की उंच माणूस डोळ्यापुढे येतो, मूड येत नाही. म्हणून इथे दोन तुकडे जोडावे लागतील, ‘ताठ मानेने, ढांगा टाकत’. आणि इथे तरातरा वापरलंस तर मोठं नुकसान आहे, मास्तर रागावूनच आत गेले असं झालं तर नकार ऐकून पाय ओढत येण्यातली पडझड वाचकाला दिसणारच नाही. स्ट्राइड जितका ताठ तितका ट्रज खोल जाणार.

अश्वमेध_बारामती:
अँबलवर बोलू का? आमच्याकडे आजोबांपासून घोडी आहेत. अँबल हा मूळ घोड्याच्या चालीचा शब्द, माणसाला नंतर लागला. लॅटिनमधलं चालण्याचं क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. या चालीत घोडा एका बाजूचे पुढचा-मागचा असे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो आणि मग दुसऱ्या बाजूचे. आपल्याकडे याला रवाल म्हणतात. दुडकी वेगळी, दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात, उजवा पुढचा आणि डावा मागचा, आणि वरचा माणूस टणाटणा उडतो. रवाल चालीत पाठ हलत नाही. आजोबा भरलेला तांब्या हातात धरून रवालीवर बसून दाखवायचे, पाणी काठापर्यंत येऊन परत आत जायचं, खाली सांडायचं नाही. म्हणून माझ्या डोक्यात अँबल म्हणजे नुसतं हळू नाही, हिसका नसलेलं, सैल, डुलत जाणं. अंगातला ताण गेल्यावरच तशी चाल पडते, बिचकलेला घोडा रवाल चालतच नाही.

निशिगंध:
हे वाचून काटा आला अंगावर! म्हणजे संध्याकाळी मास्तर अँबल करतायत याचा अर्थ दिवसभराचा ताण सुटलाय. मी तर समजत होते की तो थकलाय म्हणून हळू चाललाय.

वसुधा_जो:
बघ, त्या एका शब्दावर कथेचा शेवट फिरतो. स्ट्रोल आणि अँबल दोन्ही निवांत आहेत, पण स्ट्रोलमध्ये ‘चला, जरा फिरून येऊ’ असं ठरवून निघणं असतं, डोळे इकडेतिकडे बघत असतात. अँबल आपोआप होतं, अंगाला होतं. गंमत म्हणजे स्ट्रोलचं सुरुवातीचं वळण चांगलं नव्हतं, १७व्या शतकात तो शब्द भटक्या, बेघर माणसांच्या हिंडण्याला लागायचा, गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या नटांनाही. निवांतपणा नंतर आला.

मिनू_नाशिक:
मग स्ट्रोलला ‘फेरफटका मारायला’ आणि अँबलला ‘डुलत डुलत’?

रोहित_के:
डुलत डुलत म्हटलं की दारू प्यायलेला वाटतो मला तरी. किंवा हत्ती.

निशिगंध:
मला पण तीच भीती आहे. आत्तापर्यंतचं असं जमलंय बघा:

सकाळी मास्तर नदीकडे फेरफटका मारून आले. अकराला अर्ज घेऊन ताठ मानेने, ढांगा टाकत कौन्सिलच्या ऑफिसात शिरले. एक वाजता पाय ओढत घरी आले. संध्याकाळी कुत्र्याच्या मागून, त्याच्या कलाने, रमतगमत तळ्यापर्यंत गेले.

‘चालत’ एकदाही नाही!

वसुधा_जो:
छान झालंय. पहिल्या वाक्यात ‘मारून आले’ मुळे काम उरकल्यासारखं वाटतं, ‘मास्तर नदीकडे फिरायला गेले’ एवढंच साधं ठेव, ‘फिरायला’ मध्ये स्ट्रोल पुरेसा आहे. बाकी हात लावू नकोस.

अश्वमेध_बारामती:
‘रमतगमत’ मध्ये वाटेत थांबणं आलं, हे बघ ते बघ. अँबलमध्ये थांबणं नसतं, चाल एकसारखी असते. पण ‘कुत्र्याच्या कलाने’ म्हटल्यामुळे चालून जाईल बहुतेक, कुत्रं थांबतंच दर खांबापाशी.

निशिगंध:
हो ना, तिथेच अजून मन खातंय. ‘रवालीत’ लिहायचा मोह होतोय पण दहातल्या नऊ वाचकांना कळणार नाही. अंक छापायला जायला अजून बारा दिवस आहेत, कुणाला एकसारख्या, सैल चालीसाठी घरात वापरातला शब्द आठवला तर सांगा. खानदेश, वऱ्हाड, मालवण, कुठलाही चालेल.