मदत हवी आहे: स्वाहिलीतलं 'पिकिया' आणि आपलं 'करून देणे' एकच का?

कोरी पाटी
भाषाशास्त्राच्या एम.ए.ला आहे. अप्लिकेटिव्ह म्हणजे क्रियापदालाच एक प्रत्यय लागतो आणि 'कुणासाठी' किंवा 'कशाने' हे थेट कर्म होऊन बसतं, इथपर्यंत समजलं. स्वाहिलीत 'जुमा अलिपिका चाकुला' म्हणजे जुमाने जेवण शिजवलं, आणि 'जुमा अलिम्पिकिया आशा चाकुला' म्हणजे आशासाठी शिजवलं. 'पिका'चं 'पिकिया' झालं, 'साठी'ला वेगळा शब्दच नाही.

मग मराठीत 'आईने मुलाला चकल्या करून दिल्या' हेही तेच नाही का? 'मुलासाठी'चं 'मुलाला' झालंच की. सरांनी नुसतं 'नाही' म्हटलं आणि तास संपला.

मागचा बाक
सोपं आहे. करणे, करवणे. प्रत्यय लागला, एक माणूस वाढला. मराठीत अप्लिकेटिव्ह आहेच.

सुपारीकातर
मागचा बाक, करवण्यात जो वाढतो तो काम करवून घेणारा, म्हणजे कर्ता. इथे कर्ता तोच राहतो, कर्म वाढतं.

कोरी पाटी, अर्थावर जाऊ नका, वाक्य कसं वागतं ते पाहा. स्वाहिलीत क्रियापदाच्या पोटात कर्मासाठी एक जागा असते. साध्या वाक्यात ती जेवणाला मिळू शकते: 'अलिकिपिका', यातला 'कि' म्हणजे चाकुला. 'पिकिया' झालं की तिथे आशाचा 'म्' बसतो आणि जेवणाला ती जागा मिळत नाही. आता कर्मणी करा. 'आशा अलिपिकिवा चाकुला' चालतं, म्हणजे आशा वाक्याची मालकीण झाली. चाकुलाला तिथे बसवून 'चाकुला किलिपिकिवा आशा' म्हणून बघा, ऐकणारा अडखळेल. नवं कर्म आलं आणि जुन्याचे हक्क गेले.

आता चकल्या. क्रियापद कुणाप्रमाणे चालतं? 'दिल्या', म्हणजे चकल्यांप्रमाणे. कर्मणी केलं तरी 'मुलाला चकल्या करून दिल्या गेल्या'. मुलगा होता तिथेच 'ला' धरून बसलाय.

कोरी पाटी
पण 'आईने मुलाला पकडलं' यातही 'ला' आहे, आणि तिथे तर मुलगा अस्सल कर्म आहे!

सुपारीकातर
बरोबर, म्हणून नुसत्या 'ला'वरून काहीच ठरत नाही. पण तिथे 'मुलगा पकडला गेला' म्हणता येतं. 'मुलगा चकल्या करून दिला गेला' म्हणून दाखवा.

कोरी पाटी
नाही म्हणवत. 😄

निंबोणी
मी दार-ए-सलामला राहते, व्याकरण कळत नाही. पण इथे कुणाचे वडील गेले की 'अमेफिवा ना बाबा याके' म्हणतात. 'कुफा' म्हणजे मरणे हे शेजारणीने सांगितलं होतं, पण मग वारले वडील आणि क्रियापद मुलाचं, हे कसं? मी तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलगाच गेला असं समजून बसले होते.

सुपारीकातर
निंबोणीताई, यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही. 'फा' मरणे, त्याला मूळ कर्मच नाही. 'फिया' केलं की ज्याच्यावर मरण ओढवलं तो कर्म झाला. त्याचं कर्मणी 'फिवा', आणि तो वाक्याचा मालक. बाप 'ना' लावून मागे गेला. फायदाच व्हायला हवा असं नाही, झळ पोचली तरी चालतं.

मागचा बाक
आणि साधनाचं काय? रवांडातल्या किन्यारवांडा भाषेत 'इश' प्रत्यय दोन्हीकडे लागतो असं वाचलंय. मजुरांकडून घर बांधवलं तरी 'इश', पेनाने पत्र लिहिलं तरी 'इश'. मग माझं करवणं अगदीच चूक कसं?

सुपारीकातर
हे मान्य. 'अरुबाकिशा अबाकोझी इंझु' म्हणजे मजुरांकडून घर बांधून घेतो, आणि 'अरांडिकिशा इकारामू इबारुवा' म्हणजे पेनाने पत्र लिहितो. मजूर आणि पेन एकाच रांगेत. मराठीत मात्र 'पेनाकडून पत्र लिहवलं' होत नाही, म्हणून आपलं करवणं तिथवर पोचत नाही. शिवाय किन्यारवांडात नवं कर्म आलं तरी जुन्याचे हक्क बऱ्याच अंशी शाबूत राहतात. स्वाहिलीचा नियम सगळ्या बांटू भाषांना लावू नका.

पाठांतर
आपल्याकडे पाणिनी आहे की! 'वैकुण्ठे शेते', पण 'अधि' लागला की 'वैकुण्ठम् अधिशेते'. 'अधिशीङ्स्थासां कर्म' असं सूत्रच आहे. आधाराला कर्म करणारा अप्लिकेटिव्ह नाही तर काय?

सुपारीकातर
मला पटतं, पण 'अधि' ठरावीक धातूंनाच लागून हे करतो. 'इया' मनात येईल त्या क्रियापदाला लागतो. एवढ्यावरून त्याला तेच नाव द्यायचं की नाही, यावर भांडायला मी तयार आहे.

कोरी पाटी
निंबोणीताई, बाजारात 'किसु चा कुकाटिया न्यामा' ऐकू येतं का? मटण कापायची सुरी. त्यातही 'काटा'चं 'काटिया' झालंय. पण सुरीला सरळ कर्म करून 'त्याने सुरी मटण काटिया' असं कुणी बोलतं का?

निंबोणी
पहिलं रोज ऐकते. दुसऱ्याला लोक 'क्वा किसु', म्हणजे सुरीने, असंच म्हणतात. खाटकाला विचारून सांगते.