मदत हवी आहे: एलडीएल ११८ वरून ७४ वर आलं, तरी डॉक्टर आणखी एक गोळी का देताहेत?

गंगावेसकर
बाबांचं वय ५८. टाइप टू मधुमेह नऊ वर्षं, बीपीची एक गोळी चालू, हृदयाचा त्रास आजवर नाही. एचबीएवनसी ७.४. औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स २१०, एलडीएल ११८. लॅबच्या कागदावर ११८ समोर कुठलीही खूण नव्हती. डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन १० दिली. अडीच महिन्यांनी एकूण १४७, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड्स १७०, एलडीएल ७४. आता ते सोबत इझेटिमाइब १० म्हणताहेत. बाबांचं म्हणणं, "एवढं उतरलंय, आता आहे तीही गोळी बंद करूया." त्यांना काय सांगू? लघवीतलं अल्ब्युमिन एकदाच तपासलंय, ६५ आलं होतं.

रंकाळा_५२
दादा, गोळी बंद करू नका, हे आधी. पण नवीन घ्यायच्या आधी वेळ बघा. कोलेस्टेरॉलची गोळी रात्री झोपतानाच घ्यायची असते, लिव्हर रात्री काम करतं. सकाळी घेत असतील तर तिथंच गडबड आहे.

लिपिडवाला
रात्रीचा नियम सिमव्हास्टॅटिनला लागू पडतो, कारण ती शरीरात थोडाच वेळ टिकते. अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन कधीही घ्या, फक्त रोज घ्या. आणि १० ची गोळी साधारण ३५ ते ४० टक्के उतरवते. ११८ चे ७४ म्हणजे ३७ टक्के. गोळीनं तिचं काम पूर्ण केलंय, वेळेत गडबड नाही.

आता कागदावर खूण का नव्हती ते. लॅब जे आकडे छापते ते सगळ्यांसाठी एकच असतात. वीस वर्षांच्या धडधाकट पोराला आणि तुमच्या बाबांना तोच तक्ता. डॉक्टर मात्र माणूस बघून ठरवतात. मधुमेहात दोन गोष्टी वेगळ्या होतात. एक, ट्रायग्लिसराइड्स चढलेले आणि एचडीएल उतरलेलं असलं की एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. रिपोर्ट मोजतो कणांतलं कोलेस्टेरॉल, कणांची संख्या नाही. त्यामुळे मधुमेह्याच्या ११८ मध्ये तेवढंच एलडीएल असलेल्या दुसऱ्या माणसापेक्षा कण जास्त असू शकतात, आणि धमनीच्या भिंतीत शिरतात ते कण. दोन, साखर आणि बीपी दोन्ही वाढलेले असले की ती भिंत आधीच दुखावलेली असते, कण आत अडकून राहणं सोपं होतं.

दुसरा हिशेब धोक्याचा. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की हार्ट अॅटॅक, स्ट्रोकसारख्या घटना ढोबळमानाने पाचातली एक कमी होते. ज्याचा मूळ धोकाच मोठा, त्याचा त्यातला फायदाही मोठा. २००४ च्या कार्ड्स चाचणीत मधुमेह असलेल्या, पण हृदयरोग नसलेल्या आणि एलडीएल फार चढलेलंही नसलेल्या लोकांना अॅटोरव्हास्टॅटिन १० दिली होती. मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. 'वाढलेलं नाही तर गोळी कशाला' हा प्रश्न तिथंच मागे पडला.

शाहूपुरीची_सून
माझ्या सासऱ्यांचं एलडीएल ८२ आहे, मागच्या वर्षी स्टेंट बसवला. त्यांनाही मधुमेह. म्हणजे त्यांनाही ७० च्या खालीच आणायचं ना? आणि ओमेगा थ्रीच्या गोळ्या चालतील का?

लिपिडवाला
ताई, स्टेंट असलेल्या मधुमेह्याला ७० नव्हे, ५५ च्या खाली, आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी. भारतीय लिपिड तज्ज्ञ तर ५० च्या खाली म्हणतात. ८२ वर थांबणं बरोबर नाही. साध्या ओमेगा थ्रीनं एलडीएल उतरत नाही. स्टॅटिनचा डोस किती आहे ते त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारा.

गंगावेसकर, आता तुमचा हिशेब. युरोपीय शिफारशीप्रमाणे बाबांना लक्ष्य दोन: ७० च्या खाली, आणि सुरुवातीच्या निम्मं, म्हणजे ५९. ७४ दोन्हींत बसत नाही. पुढं जायला दोन वाटा आहेत.

स्टॅटिन दुप्पट केली तर गंमत अशी की उतार दुप्पट होत नाही, जेमतेम सहा टक्के वाढतो, तोही मूळ ११८ च्या हिशेबात. १० ची २० केली तर ६७ च्या आसपास. ४० केली तर साठीच्या आसपास. इझेटिमाइब मात्र उरलेल्या आकड्यातून आणखी वीस-पंचवीस टक्के काढते. ७४ मधून तेवढं गेलं की ५६ ते ५९. कारण सरळ आहे: स्टॅटिन लिव्हरमधलं उत्पादन कमी करते, तेव्हा आतडं जास्त शोषायला लागतं, आणि इझेटिमाइब तीच वाट अडवते. तुमच्या डॉक्टरांनी हाच हिशेब केलेला दिसतो. काही डॉक्टर आधी ४० पर्यंत नेऊन मग इझेटिमाइब जोडतील. तेही चूक नाही.

रंकाळा_५२
स्टॅटिननं शुगर वाढते म्हणतात, ते खोटं का?

लिपिडवाला
खोटं नाही. किंचित वाढते, पण हार्ट अॅटॅक टळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. खरं लक्ष स्नायूंकडे हवं. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखायला लागले तर स्नायूंसाठी सीके आणि थायरॉइडसाठी टीएसएच तपासून घ्या, कारण सुस्त थायरॉइड एलडीएलही वाढवतो आणि स्टॅटिनचं दुखणंही. लघवी चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घशासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देत असेल तर अॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे हे त्यांना आधी सांगा.

बाबा सकाळी कट्ट्यावर म्हशीचं दूध पितात का? पाव लिटरात पंधरा-सोळा ग्रॅम फॅट, त्यातलं दहाएक ग्रॅम सॅच्युरेटेड. दिवसाला सॅच्युरेटेड साधारण चौदाच्या आत ठेवायचं असतं. एका ग्लासात बहुतेक कोटा संपला, आणि त्यावर रविवारचा पांढरा रस्सा, म्हणजे नारळाचं दूध. हे कमी केल्यानं आकडा थोडा हलेल, पण ११८ वरून ५९ नुसत्या पथ्यानं कुणाचं होत नाही.

गंगावेसकर
दूध बरोबर ओळखलंत, रोजचं आहे. एक विचारायचं राहिलं. एचडीएल सोडून बाकीचं कोलेस्टेरॉल १४७ मधून ३९ वजा करून १०८ येतं. ते बघायचं का?

लिपिडवाला
बघायचंच, ट्रायग्लिसराइड्स चढलेले असताना तर आधी तेच. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात, आणि ट्रायग्लिसराइड्स वाढले की तो आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. एलडीएलच्या लक्ष्यात ३० मिळवा, म्हणजे ७० धरलं तर बाबांसाठी १०० च्या खाली. १०८ अजून वर आहे.

आता अल्ब्युमिनचं. ६५ खरं असेल तर किडनीवर परिणाम सुरू झालाय. भारतीय शिफारशीप्रमाणे तर मधुमेहासोबत वय, बीपी आणि कमी एचडीएल असल्यानं बाबा तसेही अतिधोक्याच्या गटात आणि लक्ष्य ५०. किडनीचं मात्र एका नमुन्यावर ठरत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत. तपासणीच्या वेळी ताप, लघवीचं इन्फेक्शन असं काही होतं का?

गंगावेसकर
त्या आठवड्यात जळजळ होती, अँटिबायोटिकही चालू होतं.

लिपिडवाला
मग ६५ वर विसंबू नका. जळजळ पूर्ण गेल्यावर सकाळची पहिली लघवी द्या. लक्ष्य ७० धरायचं की ५० हे डॉक्टरांना विचारा. इझेटिमाइब दोन्हींत लागेलच असं मला वाटतं, पण गोळी कुठली आणि डोस किती हे डॉक्टरच ठरवतील. सुरू केली तर साधारण सहा आठवड्यांनी लिपिड पुन्हा.

रंकाळा_५२
आणि तोवर दूध?

गंगावेसकर
अर्धा ग्लास म्हणून सांगितलंय. ऐकतील असं नाही.