टॉवर मेंटेनन्स टेक्निशियनच्या जागेसाठी कव्हर लेटर, जरा बघता का कुणी?

अकोलेकर_ईटीसी
नमस्कार मंडळी. ई अँड टीसी डिप्लोमा झालाय यंदा, फर्स्ट क्लास. आमच्याकडे अकोले-संगमनेर भागातल्या मोबाईल टॉवरसाठी टेक्निशियन पाहिजे अशी जाहिरात आलीय, एका मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरची. बायोडाटासोबत कव्हर लेटर मागितलंय. पाठवणार इंग्लिशमध्येच, इथे मराठीत टाकतोय म्हणजे सगळ्यांना बोलता येईल.

"मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्याची आवड असलेला उमेदवार आहे. मला ५जी, फायबर ऑप्टिक्स, अँटेना थिअरी व मॅटलॅबचे ज्ञान आहे. माझा प्रोजेक्ट मायक्रोस्ट्रिप अँटेनावर होता. मी दबावाखाली काम करू शकतो. आपण संधी दिल्यास मी तिचे सोने करीन."

काय बदलू?

गावठी_इंजिनियर
टॉवरचं काम म्हणजे चढायचं काम भावा. उंचीची भीती नाही, हार्नेस लावून ४० मीटर चढतो असं पहिल्याच ओळीत टाक. बाकी मॅटलॅब वगैरे कोण वाचतंय.

सुनंदा_के
माझ्या भाच्यानं महापारेषणला फॉर्म भरला होता, तिथे कव्हर लेटर वगैरे काही लागत नाही, ऑनलाइन परीक्षा असते. तू आधी वेबसाइट नीट बघ, नाहीतर फसवणूक व्हायची.

अकोलेकर_ईटीसी
ताई, तो लाइनचा टॉवर वेगळा, हा मोबाईलचा. पण फसवणुकीचं लक्षात ठेवतो, पैसे मागितले तर जाणार नाही.

डीजी_दादा
१४ वर्षं साइटवर काढली, आता क्लस्टर बघतो, भरतीचे कागद माझ्याकडेच येतात. आधी सांग, जाहिरातीत कामाचं काय लिहिलंय? जसंच्या तसं टाक.

अकोलेकर_ईटीसी
"डीजी, बॅटरी बँक, एसएमपीएस, एसी यांचे पीएम, अलार्म अटेंड करणे, डिझेल फिलिंगची नोंद, स्वतःची टू-व्हीलर आवश्यक, रात्री कॉलवर जावे लागेल."

डीजी_दादा
यात अँटेना कुठे दिसतोय का तुला? हे काम पॉवरचं आहे. वर चढून अँटेना फिरवणं, केबल ओढणं ते रिगर करतात, त्यांचा उंचीवर काम करायचा हाइट पास वेगळा असतो, तो नसताना "चढतो" लिहिलंस तर पहिला प्रश्न पास दाखव हाच येणार. गावठी भाऊंचं निम्मं बरोबर, भीती नाही हे तोंडी सांगायला चालतं, पत्रात नको.
टेक्निशियनची खरी परीक्षा लाईट गेल्यावर. लाईट गेली की साइट ४८ व्होल्टच्या बॅटरी बँकेवर चालते, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर ऑटोवर उठला नाही की बँक उतरत जाते आणि फोन तुला येतो. तर तू कधी चालू साइटवर उभा राहिलायस का? इनप्लांटला वगैरे?

अकोलेकर_ईटीसी
हो, चौथ्या सेमनंतर ६ आठवड्यांचं ट्रेनिंग होतं ना एमएसबीटीईचं, ते एका टॉवर मेंटेनन्सवाल्याकडेच केलं, पण ते मी लिहिलंच नाही कारण तिथं नुसतं सरांच्या मागे गाडीवर फिरलो असं वाटलं. एकदा मात्र पावसात रात्री गेलो होतो, घाटातली साइट, लाईट दुपारपासून गेलेली, डीजी उठेना. बँकेवर ४७ व्होल्ट दाखवत होतं, लाईट असताना ५४ असतात. डीजीच्या सेल्फच्या बॅटरीला मीटर लावला तर १२.४, म्हणजे चांगली, पण स्टार्ट मारला की ७ च्या आसपास यायचं. बॅटरी खराब होती म्हणून सरांनी टर्मिनल साफ करून चालू केला.

डीजी_दादा
हे सोनं दडवून मॅटलॅब लिहितोस होय रे! पण थांब. "बॅटरी खराब होती म्हणून टर्मिनल साफ केलं" हे तुझं तुलाच पटतंय का? मीटरचं टोक कुठं लावलं होतं, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर की वायरच्या क्लँपवर?

अकोलेकर_ईटीसी
क्लँपवर. खुंटीवर सगळं पांढरं साचलेलं होतं.

डीजी_दादा
मग बॅटरीचा काय दोष. नुसतं मोजताना करंट वाहत नाही म्हणून घाण असूनही १२.४ दिसतात. स्टार्ट मारला की सेल्फ एकदम शेकड्यांत अँपिअर ओढतो आणि त्या पांढऱ्या थरातच व्होल्टेज खाल्लं जातं. खुंटीवर मोजलं असतंस आणि तिथं १०-११ टिकले असते तर खात्री झाली असती की जॉइंट खराब, बॅटरी नाही. आणि खुंटीवरच ७ आले असते तर बॅटरी बदल. साफ केल्यावर लगेच उठला आणि पुढेही उठत राहिला का?

अकोलेकर_ईटीसी
उरलेले ३ आठवडे एकदा पण फेल गेला नाही. हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं माझ्या.

डीजी_दादा
मग असंच लिही. आणि "मी दुरुस्त केला" नको, सरांसोबत होतो म्हण, रीडिंग मी घेतलं म्हण. वाचणारा पुढं तेच विचारणार आणि तुला उत्तर येणार, पत्राचा उपयोग तेवढाच.

नाशिकचा_आयटीआयवाला
मी ३ वर्षं केलंय हे काम, कॉन्ट्रॅक्टर पगार लांबवतो, पेट्रोल स्वतःच्या खिशातनं, २०-२२ साइट एका माणसाला. लेटर छान लिहून काय होणारे. पेट्रोल अलाउन्स किती ते आधी लेखी घे.

अकोलेकर_ईटीसी
ते इंटरव्ह्यूत विचारतो दादा, लेटरमध्ये नको ना? हे बघा नवीन:

"आपल्या जाहिरातीतील टॉवर मेंटेनन्स टेक्निशियन पदासाठी अर्ज करत आहे. डिप्लोमातील ६ आठवड्यांच्या प्रशिक्षणात मी तुमच्यासारख्याच ग्रामीण साइट्सवर काम पाहिले. एका रात्री लाईट गेल्यावर डीजी सुरू होत नव्हता आणि बँक ५४ वरून ४७ व्होल्टवर आली होती. मी घेतलेल्या रीडिंगमध्ये सेल्फच्या बॅटरीच्या क्लँपवर १२.४ व्होल्ट होते, स्टार्ट करताना ७ पर्यंत पडत होते. वरिष्ठांसोबत टर्मिनल साफ करून आवळल्यावर डीजी सुरू झाला व पुढील ३ आठवडे बंद पडला नाही. खुंटीवर वेगळे रीडिंग घ्यायला हवे होते, हे मी त्यातून शिकलो. अकोले व संगमनेरचे रस्ते माहीत आहेत, स्वतःची दुचाकी व लायसन्स आहे, रात्रीच्या कॉलला येऊ शकतो. हाइट पास अद्याप नाही."

गावठी_इंजिनियर
पास नाही हे स्वतःहून कशाला सांगायचं? कापतील ना.

डीजी_दादा
मी नसतं कापलं. पण काही कॉन्ट्रॅक्टर एव्हिएशन लॅम्प बदलायला टेक्निशियनलाच वर पाठवतात, तिथे अडेल. "प्रशिक्षण घ्यायला तयार" एवढं जोड. आणि "मी त्यातून शिकलो" वालं वाक्य खोडून टाक, ते इंटरव्ह्यूला ठेव.

सुनंदा_के
चूक कबूल केलेली छान वाटते की, राहू दे.

डीजी_दादा
ताई, मला ते पत्रात नको वाटतं, पण ज्याचं पत्र त्यानं ठरवावं.

अकोलेकर_ईटीसी
ठेवतोय. मॅटलॅब बायोडाटातूनही काढू का?

डीजी_दादा
बायोडाटात राहू दे, जागा खात नाही. आणि जाण्याआधी घरच्या मोटरसायकलची बॅटरी घे, एकदा खुंटीवर नि एकदा क्लँपवर मीटर लावून सेल्फ मारून बघ, दोन्ही आकडे लिहून ने.