मदत हवी आहे: सरावात डावा हात एक कळ सरकतो, आणि नीट बसण्याची सूचना मिनिटभरच टिकते

संगणकतास: मी सहावीच्या वर्गाला संगणक शिकवतो. दोन मुलांमागे एक संगणक आहे आणि प्रत्येकाला रोज जेमतेम दहा मिनिटे सराव मिळतो. मधल्या ओळीच्या आठही कळा झाल्या, तोपर्यंत सारे सुरळीत होते. या आठवड्यात तर्जनीने `g` आणि `h` घ्यायला शिकवल्यापासून मात्र काही मुलांच्या ओळी अचानक निरर्थक होऊ लागल्या आहेत. काल एका मुलाने पुढच्यापैकी पहिली ओळ बरोबर टंकित केली, आणि `dad falls` या दुसऱ्या ओळीऐवजी तिसरी ओळ उमटली:

```
fgf jhj fgf jhj
dad falls
fsf gslld
```

तास सुरू होताना मी "पाठ ताठ, मनगटे सरळ" असे सांगतो, परंतु मिनिटभरात मुले पुन्हा वाकून बोटांकडे पाहू लागतात. काय बदलावे?

जुनी_खटखट: सर, मी अनेक वर्षे टंकलेखन संस्थेत शिकवले आहे. हातांवर रुमाल टाका, म्हणजे खाली पाहण्याची सवय आपोआप सुटेल. टाळीच्या ठेक्यावर एकेक अक्षर दाबायला लावा आणि प्रत्येक कळ जोरात, मनगट उचलून मारायला शिकवा.

मधली_ओळ: ठेक्याबद्दल काका म्हणतात ते योग्य आहे, कारण त्यामुळे सोप्या अक्षरावर धावणे आणि अवघड अक्षरावर अडखळणे कमी होते. जोरात मारणे मात्र जुन्या यंत्राची गरज होती; तिथे बोटाच्या बळावर अक्षराचा दांडा कागदावर आपटायचा. संगणकाची कळ हलक्या दाबाने उमटते, आणि जोर लावला की मुलांचे खांदे वर चढतात.

सर, तुमच्या मुलाची चूक नीट पाहा. त्याचे `l` दोन्ही वेळा बरोबर आहेत, म्हणजे उजवा हात जागेवर आहे. डाव्या हाताचे प्रत्येक अक्षर मात्र उजवीकडच्या शेजारच्या कळेवर पडले आहे: `d` चे `f`, `a` चे `s`, `f` चे `g` आणि `s` चे `d`. आधीच्या ओळीत `g` कडे ये-जा करणारी तर्जनी ओळ संपल्यावर `f` वर टिकली नाही, आणि तिच्यामागून सारा हात सरकला. मुलाला अक्षरे येत नसती तर एखाददुसरेच अक्षर चुकले असते. एका हाताची सगळी अक्षरे एकाच दिशेने चुकतात तेव्हा दोष हाताच्या जागेचा असतो. अशा हातावर रुमाल टाकला तर मूल न पाहता चुकीचेच टंकित करत राहील.

म्हणून प्रत्येक ओळीनंतर दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगा. खांदे सैल सोडून, डोळे मिटून, `f` आणि `j` वरचे उंचवटे चाचपतच बोटे परत ठेवायची आणि मगच पुढची ओळ घ्यायची. बसण्याची सूचनाही याच थांब्यावर द्या, आणि एका वेळी एकच द्या: एकदा पावले, पुढच्या वेळी मनगटे. तासाच्या आरंभी सांगितलेल्या चार गोष्टी बोटे चालू लागली की कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

निंबोणी: माझ्या मुलीला मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यायची आहे. तिने आधी इंग्रजी शिकावे का?

मधली_ओळ: ताई, हा प्रश्न वेगळा आहे, तरी थोडक्यात सांगते. इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीतही बोटांची मूळ जागा हीच असते. स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यामुळे आधी इंग्रजी शिकलेच पाहिजे असे मला वाटत नाही.

जुनी_खटखट: मला वाटते. एक मांडणी पक्की झाल्याशिवाय दुसरी देऊ नये.

संगणकतास: आज तपासले, तर तीन कीबोर्डांवरचे उंचवटे झिजून सपाट झाले होते, आणि कालचा मुलगा त्यांपैकीच एकावर बसत होता. तिथे नेलपॉलिशचा एकेक थेंब लावून वाळू दिला. खुर्च्या मोठ्या माणसांच्या असल्यामुळे मुलांचे पाय लोंबकळत होते आणि तोल सावरण्यासाठी ती टेबलावर रेलत होती. पायांखाली विटा ठेवल्या. कीबोर्डांचे मागचे पाय मिटले, तेव्हा मनगटे मागे वळणेही बरेच कमी झाले. हात मांडीवर नेण्याच्या थांब्यांमुळे दहा मिनिटांत पूर्वीपेक्षा कमी ओळी होतात, पण त्या मुलाची डावी बाजू आज सरकली नाही.

एक अडचण उरली आहे. दोघांमध्ये एक संगणक असल्याने सराव करणारा कीबोर्डसमोर मधोमध न बसता कडेला बसतो आणि अंग वळवून टंकित करतो. खुर्च्या बदलण्यात दोन मिनिटे जातात.

मधली_ओळ: ती दोन मिनिटे जाऊ द्या. वाट पाहणाऱ्याला मागे उभे करून ओळ एकेक अक्षर करून वाचून दाखवायला सांगा. सराव करणाऱ्याची मान वहीकडे वळणार नाही. मात्र वाचणारा घाई करतो, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

जुनी_खटखट: टाळी त्यालाच वाजवायला द्या.