मदत हवी आहे: प्लंबरच्या १५ सेकंदांच्या जाहिरातीतून काय काढू?

मानेवाड्यातल्या एका प्लंबरभाऊंसाठी यूट्यूबची १५ सेकंदांची जाहिरात लिहितोय. पाइप फुटलाय, घरभर पाणी झालंय आणि माणूस मोबाइलवर ‘प्लंबर’ शोधतोय, असा प्रेक्षक. पाच सेकंदांनी ‘स्किप’ येतं, म्हणून कामाचं आधी हवं. ‘वीस वर्षांचा अनुभव’ अशी सुरुवात करून पाहिली, ओळखीच्यांनी तिथेच सोडली.

आत्ताचा मसुदा:

“पाइप फुटला? आधी गच्चीवर टाकीखालचा कॉक बंद करा. स्विचबोर्ड ओला असेल तर हात लावू नका. मानेवाडा, अयोध्यानगर, हुडकेश्वर, रात्रीही येतो. येण्याचे पैसे फोनवरच सांगतो. बटण दाबा.”

घोडं कॉकपाशी अडलंय. जुना पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवला नाही की जाम होतो. जोर लावला तर आतली दांडी तुटते, आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत धार सुरूच. म्हणून ‘फिरत नसेल तर जोर लावू नका, खालचे नळ उघडा’ हे जोडायचंय, पण त्याने तीन-चार सेकंद वाढतात. ‘अर्ध्या तासात पोहोचतो’ टाकायचं नाही. पावसाळ्यात ते जमत नाही, असं भाऊंचं म्हणणं (आणि बरोबरच आहे).

वेळ वाढवता येणार नाही. मग भागांची नावं काढू, की पैशांची ओळ?