प्रतिसाद: दहावीचा निकाल परदेशातल्या नातेवाइकांना कळवताना

"मराठीत लिहिलेलंच खाली इंग्रजीत उतरवलं तर चालेल ना?"

माझ्या मते नको. आम्ही परभणीचे. लेकीला दहावीला ५०० पैकी ४३८ मिळाले, म्हणजे ८७.६ टक्के. न्यू जर्सीच्या आत्याला मी आकडा दोन्ही भाषांत जसाच्या तसा कळवला. आत्याला आनंदानं रडू आलं, पण तिथंच वाढलेल्या तिच्या मुलाला वाटलं पोरगी जेमतेम निघाली. तिकडं बऱ्याच शाळांत ८७ म्हणजे बी प्लस, अन् ए मिळवायला नव्वदीच्या पुढं जावं लागतं. आपल्याकडं ७५ ला विशेष प्राविण्य, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मग मजकूर बदलला. मराठीत एवढंच ठेवलं: "आत्या, तुझ्या भाचीला दहावीला ८७.६ टक्के मिळाले. गणिताची भीती गेली, याचा तिला जास्त आनंद आहे. तुमचे आशीर्वाद असू द्या." इंग्रजीत आकड्याआधी एक ओळ घातली: ही शाळेची नाही, राज्य मंडळाची परीक्षा असते, आणि पंच्याहत्तरच्या पुढं सर्वांत वरची श्रेणी मिळते. 'पास झाली' हे शब्द इंग्रजीतून काढले. तिकडं ते कसंबसं निभावल्यासारखे वाटतात. चुलत भावंडांचे गुण, शाळेतला नंबर, यातलं काही लिहिलं नाही. गुणपत्रिकेचा फोटोही पाठवला नाही, त्यावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव असतं. त्याऐवजी पेढा खातानाचा तिचा फोटो गेला. त्या मुलानं लगेच फोन करून तिला गणिताबद्दलच विचारलं.